अर्धा वाडगा आणि कोनाचा तिसरा हिस्सा

अर्ध्या चेंडूच्या आकाराचा, गोल बुडाचा एक वाडगा घ्या. त्यात पाणी कुठपर्यंत भरलं म्हणजे तो अर्धा भरला? बहुतेक जण निम्म्या खोलीवर बोट ठेवतात. प्रत्यक्षात निम्म्या खोलीपर्यंत भरलेल्या अशा वाडग्यात एकूण मापाच्या ५/१६ इतकंच, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी पाणी असतं. बूड निमुळतं आणि तोंड रुंद, त्यामुळे बरंचसं माप वरच्या बाजूला असतं. अर्ध्याची खूण निम्म्या खोलीच्या वर हवी, हे यावरून उघड आहे. पण किती वर, असं विचारलं की गणित एकदम अवघड वळण घेतं.

हा प्रश्न जुना आहे. गोलाचे एका सपाट कापाने दिलेल्या प्रमाणात दोन तुकडे कसे करायचे, हे आर्किमिडीजने आपल्या ‘गोल आणि वृत्तचिती’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात हाताळलं आहे. आपला अर्धा वाडगा म्हणजे पूर्ण गोलाचा चौथा हिस्सा, म्हणून आपल्याला गोल १ ला ३ या प्रमाणात कापायचा आहे. आता वाडग्याची त्रिज्या १ धरू. पाण्याची खोली h असेल तर पाण्याचं घनफळ πh²(3 − h)/3 भरतं. पूर्ण वाडग्याचं घनफळ 2π/3. त्याच्या निम्मं पाणी हवं असेल तर

h²(3 − h) = 1, म्हणजेच h³ − 3h² + 1 = 0

हे झालं त्रिघाती समीकरण. वर्गसमीकरणाचं सूत्र शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. इथे ते चालत नाही. पण एक छोटी युक्ती इथे लगेच उपयोगी पडते. खोली बुडापासून मोजण्याऐवजी काठापासून खाली मोजायची. काठापासून पाण्यापर्यंतचं रिकामं अंतर y असेल, तर h = 1 − y. हे वरच्या समीकरणात घातलं की वर्गाचं पद आपोआप गळून पडतं आणि उरतं ते असं:

y³ − 3y + 1 = 0

वर्गपद गेलं हा योगायोग नाही. कुठल्याही त्रिघाती समीकरणात मोजमापाचा आरंभबिंदू योग्य जागी सरकवला की वर्गपद नाहीसं करता येतं. वाडग्याच्या बाबतीत ती योग्य जागा म्हणजे काठाची पातळी, कारण गोलाचं केंद्र तिथेच असतं. हे एवढं करून घेतलं नाही तर पुढची सगळी वाट बंद राहते.

आता वाडगा क्षणभर बाजूला ठेवून कोनांकडे जाऊ. दोन कोनांच्या बेरजेच्या कोसाइनचं सूत्र दहावी-बारावीनंतर विसरलेलं असलं, तरी ते एकदा डोळ्यांखालून घातलं की पुरे. 3θ हा कोन 2θ आणि θ यांची बेरीज आहे असं समजलं, तर

cos 3θ = cos 2θ · cos θ − sin 2θ · sin θ

यात cos 2θ च्या जागी 2cos²θ − 1 आणि sin 2θ च्या जागी 2 sin θ cos θ लिहायचं. मग साइनचा वर्ग तेवढा उरतो. त्याच्या जागी 1 − cos²θ लिहिलं की साइन पूर्णपणे हद्दपार होतो. उजवीकडे फक्त कोसाइनच राहतो:

cos 3θ = 4cos³θ − 3cos θ

खात्री करायची असेल तर ६० अंश घालून पाहा. ६० अंशांचा कोसाइन अर्धा असतो. अर्ध्याचा घन एक अष्टमांश, त्याची चौपट अर्धा, त्यातून दीड वजा केला की उणे एक उरतो. १८० अंशांचा कोसाइन उणे एकच आहे.

या सूत्राकडे बहुधा तिप्पट कोनाचं सूत्र म्हणून पाहिलं जातं: θ माहीत असेल तर 3θ चा कोसाइन काढा. परीक्षेत प्रश्नही तसेच येतात. त्याची खरी ताकद मात्र उलट्या दिशेने वाचलं तर कळते. उजव्या बाजूला एक घनपद आहे, एक साधं पद आहे आणि वर्गपद नाही. आपल्या y च्या समीकरणाची ठेवणही अगदी अशीच आहे. फरक आहे तो सहगुणकांचा. सूत्रात ४ आणि उणे ३ आहेत, आपल्या समीकरणात १ आणि उणे ३. y च्या जागी 2cos θ लिहिलं तर हा फरकही मिटतो. घन केल्यावर 8cos³θ मिळतो आणि दुसरं पद −6cos θ होतं. ८ आणि ६ यांचं प्रमाण ४ आणि ३ यांच्याइतकंच आहे, म्हणून दोन्ही पदं मिळून 2cos 3θ होतात. सगळं समीकरण एवढंसं उरतं:

2cos 3θ + 1 = 0, म्हणजे cos 3θ = −1/2

ज्याचा कोसाइन उणे अर्धा आहे असा कोन १२० अंशांचा. त्याचा तिसरा हिस्सा ४० अंश. मग y = 2cos 40°, म्हणजे सुमारे १.५३२. झालं उत्तर?

इथेच पुष्कळ जण फसतात. y हे काठापासून खाली पाण्यापर्यंतचं अंतर आहे आणि अख्ख्या वाडग्याची खोलीच १ आहे. पाणी काठाच्या दीड वाडगा खाली असणार कसं? गणित चुकलेलं नाही, १.५३२ हे समीकरणाचं खरंखुरं मूळ आहे, y च्या जागी घालून पाहिलं तर डावी बाजू शून्य येते. चूक झाली ती पहिल्याच कोनावर थांबण्यात. कॅल्क्युलेटरवर उलट कोसाइनचं बटण दाबलं की तो शून्य ते १८० अंशांमधला एकच कोन दाखवतो. पण उणे अर्धा हा कोसाइन १२० अंशांचा आहे तसाच एक पूर्ण फेरा मारून ४८० अंशांचाही आहे आणि दोन फेरे मारून ८४० अंशांचाही. त्यांचे तिसरे हिस्से ४०, १६० आणि २८० अंश. एक फेरा म्हणजे ३६० अंश, आणि त्याचा तिसरा हिस्सा १२० अंश. म्हणून हे तीन कोन एकमेकांपासून बरोबर १२० अंशांवर पडतात. वर्तुळावर खुणा केल्या तर समभुज त्रिकोण तयार होतो. तिसरा फेरा मारला की पुन्हा ४० वरच येऊन पोचतो, त्यामुळे मुळं तीनच.

या तीन कोनांचे कोसाइन दुप्पट केले की तिन्ही मुळं मिळतात: १.५३२, उणे १.८७९ आणि ०.३४७. यातलं पहिलं वाडग्याच्या बाहेर जातं. दुसरं ऋण आहे, म्हणजे पाणी काठाच्या वर. आपल्याला हवं आहे ते तिसरं. २८० अंशांचा कोसाइन ८० अंशांच्या कोसाइनइतकाच असतो, म्हणून y = 2cos 80° असंही लिहिता येतं. पाणी काठापासून त्रिज्येच्या ०.३४७ पट खाली, म्हणजेच बुडापासून ०.६५३ पट वर. अर्ध्याची खूण खोलीच्या सुमारे ६५ टक्क्यांवर येते.

ताळा करण्याची एक सोपी खूण सांगून ठेवतो. वर्गपद नसलेल्या त्रिघाती समीकरणाच्या तिन्ही मुळांची बेरीज नेहमी शून्य येते. इथे १.५३२ अधिक ०.३४७ वजा १.८७९ बरोबर शून्य. बेरीज शून्य येत नसेल तर कुठेतरी कोन चुकलाय, किंवा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनमध्ये लावलेला आहे. माझ्या मते दहापैकी नऊ वेळा ते रेडियनचंच असतं.

१२ सेंटिमीटर त्रिज्येचा वाडगा घेतला तर त्याचं एकूण माप सुमारे ३६१९ मिलिलिटर. अर्ध्याची खूण बुडापासून ७.८ सेंटिमीटरवर. त्याच वाडग्यावर पाव आणि पाऊणच्याही खुणा हव्या असतील तर सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. वाडगा f इतक्या हिश्शाने भरायचा असेल तर समीकरण y³ − 3y + 2 − 2f = 0 असं होतं आणि तीच युक्ती केल्यावर cos 3θ = f − 1 असं सुटसुटीत रूप मिळतं. पावसाठी उणे पाऊण, पाऊणसाठी उणे पाव. उलट कोसाइन घ्यायचा, तीनने भागायचं, तो कोन १२० अंशांतून वजा करायचा आणि आलेल्या कोनाच्या कोसाइनची दुप्पट करायची. १२० अंशांतून वजा करण्याची पायरी तिन्ही मुळांमधलं वाडग्याच्या आतलं मूळ निवडण्यासाठी आहे. पावची खूण येते ५.३ सेंटिमीटरवर, पाऊणची जवळजवळ १० वर. पहिल्या पाव वाडग्याला पाच सेंटिमीटरहून जास्त उंची लागते आणि शेवटच्या पावाला जेमतेम दोन.

आता एक रास्त शंका. त्रिघाती समीकरणाचं सूत्र तर सोळाव्या शतकातच सापडलं होतं, मग कोनांच्या वाटेने जायचं कशाला? जिरोलामो कार्दानोने १५४५ साली ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात ते सूत्र छापलं. ते त्याने टार्टाग्लियाकडून मिळवलं होतं, आणि त्यावरून दोघांत झालेलं भांडण प्रसिद्धच आहे. त्या सूत्रात वर्गमुळं आणि घनमुळं असतात. आपल्या वाडग्याचं समीकरण त्यात घातलं की आतल्या वर्गमुळाखाली उणे पाऊण येतो. ऋण संख्येचं वर्गमूळ! वाडगा खरा, पाणी खरं, खूणही खरी, आणि सूत्र मात्र अशा संख्यांमधून वाट काढायला सांगतं ज्यांना तेव्हा कोणी संख्याच मानत नव्हतं. गंमत अशी की हे घडतं ते नेमकं तिन्ही मुळं खरी आणि वेगवेगळी असतात तेव्हाच.

इटलीतल्याच राफाएल बोम्बेल्लीने १५७२ मध्ये छापलेल्या आपल्या बीजगणितात या कोड्याला हात घातला. त्याचं उदाहरण x³ = 15x + 4 असं होतं. याचं एक मूळ ४ आहे हे कोणीही करून पाहू शकतो: ६४ बरोबर ६० अधिक ४. कार्दानोच्या सूत्राने मात्र उणे १२१ चं वर्गमूळ पोटात असलेल्या दोन घनमुळांची बेरीज येते. बोम्बेल्लीने धीर करून त्या ‘अशक्य’ संख्यांशी नेहमीसारखा हिशोब केला, आणि बेरजेत अशक्य भाग एकमेकांना खाऊन नेमका ४ उरतो हे दाखवलं. कौतुकाची गोष्ट आहेच. पण त्यासाठी लागणारं घनमूळ सरळ रूपात ओळखता यावं लागतं. ते इथे जमलं, कारण मूळ पूर्णांक होतं. आपल्या वाडग्याच्या समीकरणात तसं काही हाती लागत नाही. घनमूळ काढायला गेलं की पुन्हा त्याच प्रकारचं त्रिघाती समीकरण समोर उभं राहतं.

फ्रान्स्वा व्हिएत हा फ्रेंच माणूस पेशाने वकील, राजाच्या दरबारातला सल्लागार, आणि फावल्या वेळात गणिती. १६०३ मध्ये तो वारला. त्यानंतर १६१५ साली छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात कोनाच्या तीन भागांची ही वाट आहे. बोम्बेल्लीचंच समीकरण त्या वाटेने नेऊन पाहू. x = A cos θ असं लिहायचं आणि A अशी निवडायची की घनपद व साधं पद यांचं प्रमाण ४ ला ३ होईल. त्यासाठी A चा वर्ग x च्या सहगुणकाच्या चार तृतीयांश हवा. सहगुणक १५, म्हणून A चा वर्ग २० आणि A सुमारे ४.४७२. यावरून cos 3θ येतो सुमारे ०.१७८९, म्हणजे 3θ ७९.७ अंश आणि θ साधारण २६.५७ अंश. त्याचा कोसाइन ०.८९४४, गुणिले ४.४७२ बरोबर ४. ऋण संख्येच्या वर्गमुळाचं नावही मध्ये आलं नाही. शिवाय १२० आणि २४० अंश मिळवले की उणे ३.७३२ आणि उणे ०.२६८ ही उरलेली दोन मुळंही बसल्या जागी मिळतात.

अर्थात ही युक्ती सगळीकडे चालत नाही. x³ − 3x − 4 = 0 हे समीकरण घ्या. तीच कृती केली तर cos 3θ = 2 येतो. कुठल्याच खऱ्या कोनाचा कोसाइन एकाहून मोठा नसतो, त्यामुळे कॅल्क्युलेटर सरळ ‘एरर’ दाखवतो. ही खूण उपयोगाची आहे: एरर आली म्हणजे समीकरणाला खरं मूळ एकच आहे. अशा वेळी कार्दानोचं सूत्र कुरकुर न करता चालतं आणि २.१९६ हे उत्तर देऊन जातं. x चं पद डाव्या बाजूला धन असेल तर A चा वर्गच ऋण येतो, आणि तिथेही खरं मूळ एकच असतं. दोन पद्धतींनी जणू आपापलं कार्यक्षेत्र वाटून घेतलं आहे. जिथे एक अडते तिथे दुसरी सुरळीत चालते. cos 3θ नेमका एक किंवा उणे एक आला तर आपण सीमेवर असतो, आणि दोन मुळं एकमेकांत मिसळून गेलेली असतात.

व्हिएतच्या वाटेने जाताना आपण त्रिघाती समीकरण सोडवलं, की फक्त दुसऱ्या एका प्रश्नात बदललं? चोख उत्तर असं की बदललं. समीकरणाच्या जागी ‘या कोनाचे तीन समान भाग करा’ हा प्रश्न आला. १२० अंशांचा कोन पट्टी आणि कंपासने शाळकरी मूलही काढतं. पण त्याचे तीन समान भाग करून ४० अंश काढणं त्या साधनांनी अशक्य आहे, हे पिएर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केलं. कारण आपल्याच समीकरणात दडलेलं आहे. y³ − 3y + 1 = 0 चं मूळ अपूर्णांकात मांडता येत असेल, तर ते १ किंवा उणे १ च असू शकतं. १ घातला तर डावी बाजू उणे १ होते, उणे १ घातला तर ३. म्हणजे अपूर्णांकातलं एकही मूळ नाही, आणि अशा त्रिघाती समीकरणाचं मूळ पट्टी-कंपासच्या वर्गमुळांनी कधीच गाठता येत नाही. म्हणून वाडग्याच्या छेदाचं चित्र कागदावर कितीही नेटकं काढलं, तरी अर्ध्याची अचूक रेषा पट्टी-कंपासने आखता येणार नाही.

मग व्हिएतच्या काळी ४० किंवा २६.५७ अंशांचा कोसाइन मिळायचा कुठून? कोष्टकातून. आणि ही कोष्टकं तयार करताना गणिती लोकांना हाच प्रश्न उलट्या बाजूने भेटला होता. ३ अंशांचा साइन नुसत्या वर्गमुळांनी काढता येतो, पण १ अंशाचा येत नाही, कारण त्यासाठी ३ अंशांचे तीन भाग करावे लागतात. समरकंदला उलुग बेगच्या पदरी असलेला अल-काशी (मृत्यू १४२९) याने ही अडचण तिप्पट कोनाच्या सूत्रानेच सोडवली. साइनसाठी ते सूत्र sin 3θ = 3sin θ − 4sin³θ असं असतं. त्याची मांडणी थोडी बदलून अशी करता येते:

s = (sin 3° + 4s³) / 3

इथे s म्हणजे १ अंशाचा साइन. उजवीकडेही s आहे, पण त्याचा घन इतका बारीक आहे की सुरुवातीला तो सोडून दिला तरी फारसं बिघडत नाही. ३ अंशांचा साइन ०.०५२३३६० आहे, त्याचा तिसरा हिस्सा ०.०१७४४५३. हा अंदाज उजव्या बाजूला घातला की मिळतं ०.०१७४५२४, आणि सात दशांश स्थळांपर्यंत खरं उत्तरही तेच आहे. पुन्हा एकदा घातलं की दहा स्थळांपर्यंत बरोबर येतं. अल-काशीने हे साठ-साठच्या अपूर्णांकांत, हाताने, आजच्या सोळा दशांश स्थळांहूनही जास्त अचूकतेपर्यंत नेलं.

तिप्पट कोनाच्या ज्येचं सूत्र आपल्याकडेही कमलाकर या ज्योतिर्विदाने १६५८ मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ या ग्रंथात दिलं आहे. कमलाकर काशीत राहत असे. त्याचं घराणं मूळचं गोदावरीकाठच्या गोलग्रामचं. कोनाच्या तिसऱ्या हिश्शाची ज्या कशी मिळवायची, याचाही विचार त्याने त्याच ग्रंथात केला आहे.